आयएईचा आकडा आणि लूपची तब्येत

प्रश्न: आमच्या प्लांटमध्ये साठ-सत्तर लूप आहेत. दर महिन्याला प्रत्येक लूपचा आयएई काढून तक्ता करतो, पण आकडे वरखाली होतात आणि त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. कंट्रोलरची तब्येत महिनोन्महिने नेमकी कशी पाहावी?

उत्तर:

तुमचा तक्ता चुकीचा नाही, पण त्यातल्या आकड्यात दोन गोष्टी एकत्र मिसळल्या आहेत: लूप किती चांगला चालला, आणि त्या महिन्यात त्याला धक्के किती बसले. पीआय कंट्रोलरवर लोडचा एकच धक्का आला आणि लूप हेलकावे न घेता सावरला, तर त्रुटीचे क्षेत्रफळ, म्हणजेच आयएई, Ti/Kc गुणिले ओपीमधला एकूण बदल एवढे येते. Kc 0.4 आणि Ti 25 सेकंद असलेल्या लूपला 4% ओपीची भरपाई करावी लागली, तर 62.5 × 4 म्हणजे 250 टक्के-सेकंद एवढा आयएई होणारच, मग कंट्रोलर ठणठणीत का असेना. एखाद्या महिन्यात असे धक्के चौपट आले, तर धक्क्यांमुळे होणारा आयएईही चौपट होईल, आणि त्यात कंट्रोलरचा काही दोष नसेल.

म्हणून लूपची तुलना दुसऱ्या लूपशी न करता त्याच्या स्वतःच्या चांगल्या दिवसांशी करावी, आणि महिन्याच्या बेरजेऐवजी तासाची सरासरी त्रुटी घ्यावी. शटडाऊननंतर व्हॉल्व्ह दुरुस्त होऊन आलेले पहिले चार आठवडे मी पायाभूत धरतो. प्रत्येक तासाची सरासरी काढून आठवड्याच्या सर्व तासांचा मध्यक घेतो, कारण स्टार्टअपचे चार वाईट तास साध्या सरासरीला ओढून नेतात, मध्यकाला नाही. सलग दोन आठवडे मध्यक पायाभूत आकड्याच्या दीडपट राहिला, की लूप तपासायला घेतो. दीडपट हा माझा अनुभवाचा आकडा आहे, नियम नव्हे.

हिशेब शक्यतो कंट्रोलरमध्येच करावा. हिस्टोरियन डेटा साठवताना कॉम्प्रेशन लावतो, त्यात लहान हेलकावे सरळ रेषा होऊन बसतात आणि आयएई फसवा निघतो. लॉजिक एवढेच लागते:

```
IF Auto THEN
  e := ABS(SP - PV) * 100.0 / Span;
  IAE := IAE + e * Ts;
  Tauto := Tauto + Ts;
END_IF;
```

दर तासाला `IAE / Tauto` नोंदवून दोन्ही शून्य करावेत. त्या तासात लूप ऑटोमध्ये गेलाच नसेल, तर भागाकार टाळून तो तास रिकामा सोडावा. `Auto` ही अट विसरू नका: अनेक सिस्टिममध्ये मॅन्युअलला सेटपॉइंट पीव्हीच्या मागे फिरतो, त्रुटी शून्य राहते, आणि ऑपरेटरने कंटाळून मॅन्युअलला टाकलेला लूप तक्त्यात सर्वांत निरोगी दिसतो. त्यासाठीच `Tauto` हा आकडा आयएईच्या शेजारी स्वतंत्रपणे पाहिला पाहिजे.

आता प्रत्यक्ष उदाहरण देतो. रायगड जिल्ह्यातल्या एका केमिकल प्लांटमध्ये मी इन्स्ट्रुमेंटेशन पाहत असताना रिबॉयलरच्या वाफेचा फ्लो लूप आमच्या यादीत वर चढू लागला. Kc आणि Ti वर दिले तेच होते. पायाभूत सरासरी त्रुटी स्पॅनच्या 0.4% होती, आणि ती जवळजवळ सगळी फ्लोच्या स्वाभाविक नॉइजची होती. मे महिन्यात ती 0.5 झाली, जूनमध्ये 0.7 आणि जुलैमध्ये 1.1. प्रॉडक्शनचे म्हणणे पडले की ट्यूनिंग बिघडले आहे, इंटिग्रल जरा मंद करा.

ट्यूनिंग आपोआप बिघडत नाही, म्हणून आधी त्रुटीचा आकार पाहायचे ठरवले. हेग्लुंड यांनी 1995 मध्ये मांडलेली पद्धत इथे फार उपयोगी पडते, आणि तीही आयएईवरच उभी आहे. त्रुटी एकदा शून्य ओलांडल्यापासून पुन्हा ओलांडेपर्यंतचा आयएई वेगळा मोजायचा. नॉइजमध्ये त्रुटी सतत शून्य ओलांडते, त्यामुळे तुकडे लहान येतात. लूप हेलकावे घेऊ लागला की मोठे तुकडे एकामागून एक येत राहतात. 1% उंचीच्या हेलकाव्यासाठी मर्यादा साधारण Ti/π, म्हणजे आमच्याकडे 8 टक्के-सेकंद होती. निरोगी काळातला तुकडा एक-दीडच्या आसपास असे. जुलैमध्ये दर 50 सेकंदांनी 55 टक्के-सेकंदाचा तुकडा पडत होता, आणि तोही घड्याळ लावल्यासारखा. (Ti मुळातच चुकीचा ठेवलेला असेल तर ही मर्यादाही चुकते, हे लक्षात असू द्यावे.)

हा लूप ट्रेच्या तापमान कंट्रोलरचा स्लेव्ह होता, त्यामुळे हेलकावे वरून येत असण्याचीही शक्यता होती. कॅस्केड सोडवून फ्लो लूप स्वतःच्या ऑटोवर ठेवला, तरी ते चालूच राहिले. मग मॅन्युअलला टाकला, आणि पीव्ही लगेच शांत झाला. म्हणजे हेलकावे याच लूपमध्ये तयार होत होते. ट्रेंड जवळून पाहिला तर पीव्ही चौकोनी पायऱ्यांसारखा होता आणि ओपी करवतीच्या दात्यांसारखा. फ्लो लूपमध्ये ही जोडी दिसली की माझा पहिला संशय व्हॉल्व्ह चिकटण्यावर जातो.

मॅन्युअलमध्येच ओपी 0.25% च्या पायऱ्यांनी एकाच दिशेने वाढवला आणि प्रत्येक पायरीनंतर मिनिटभर थांबलो. सहा पायऱ्यांपर्यंत फ्लो जागचा हलला नाही. सातव्या पायरीला, म्हणजे 1.75% वर, तो एकदम 2.3% उडाला. फिल्डवर विचारले तेव्हा कळले की एप्रिलच्या अखेरीस ग्लँडमधून वाफ गळत होती आणि पॅकिंग आवळून गळती बंद केली होती. पॅकिंग बदलल्यावर दुसऱ्या आठवड्यात मध्यक 0.45 वर आला, Kc आणि Ti ला हात न लावता.

प्रॉडक्शनचे ऐकून इंटिग्रल मंद केले असते तर काय झाले असते, तेही सांगतो. हेलकाव्याची उंची व्हॉल्व्ह किती उडी मारतो यावर ठरते, Ti वर नाही. Ti वाढवल्यावर फक्त एकेका पायरीचा कालावधी लांबला असता, तासाची सरासरी त्रुटी जवळपास तीच राहिली असती, आणि खऱ्या धक्क्यानंतर सावरायला लूपला जास्त वेळ लागला असता. आमच्या दुसऱ्या एका लूपवर कुणीतरी पूर्वी हेच करून ठेवले होते, आणि तो वर्षभर ‘हळू प्रोसेस’ म्हणून ओळखला जात होता.

एक बाजू मात्र मी स्वतः उशिरा शिकलो: आकडा कमी झाला तरी लूप तपासायचा असतो. पाण्याच्या एका फ्लो लूपचा मध्यक अचानक निम्म्यावर आला आणि आम्ही त्याकडे पाहिलेही नाही. डीपी ट्रान्समीटरची इम्पल्स लाइन गाळाने अर्धवट तुंबली होती, त्यामुळे नॉइज गाळला जाऊन पीव्ही गुळगुळीत झाला होता. प्रत्यक्ष फ्लो बदलल्यावर ट्रान्समीटरला तो कळायला कितीतरी वेळ लागत होता. लाइन साफ केल्यावर जुने तक्ते काढून पाहिले, तेव्हा हा लूप सलग तीन आठवडे सर्वोत्तम लूपच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होता. तेव्हापासून मी वरच्या मर्यादेबरोबर खालचीही ठेवतो, पायाभूत आकड्याच्या 0.6 पट.