चार्टरचं तिकीट म्हणजे नक्की कुणाशी झालेला करार?

प्रश्न : आमच्या ४५ जणांच्या यात्रा ग्रुपला आयोजक चार्टर विमान सुचवतोय, म्हणतो थेट आणि स्वस्त पडेल. नेहमीच्या विमानकंपनीची ग्रुप तिकिटं बरी की हे? रद्द झालं तर पैसे परत मिळतात का?

४५ जण असाल तर चार्टर तुमचं नसणार. १८० आसनांचं अख्खं विमान आयोजकाने किंवा त्याच्याही वरच्या एखाद्या घाऊक व्यापाऱ्याने भाड्याने घेतलेलं असतं आणि त्यातल्या ४५ जागा तुम्हाला विकल्या जातात. विमान भाड्याने देणाऱ्या कंपनीचा करार त्याच्याशी, तुमचा करार आयोजकाशी. उड्डाण रद्द झालं तर कंपनी पैसे परत करते तेही त्या भाडेकरूला. तिथून ते तुमच्यापर्यंत कधी आणि किती पोहोचतील, हे आयोजकाच्या अटींवर आणि त्याच्या खिशात काय उरलंय यावर ठरतं.

चार्टरवाले 'तारीख बदलली' असा फोन करतात तेव्हा तांत्रिक बिघाडाचं कारण दिलं जातं. कित्येकदा खरं कारण हिशेबाचं असतं. यात्रेच्या हंगामात सगळे एकाच दिशेने जातात. विमान १८० माणसं सोडतं आणि रिकामं परत येतं. दहा-बारा दिवसांनी रिकामं जाऊन त्यांना घेऊन येतं. म्हणजे चार फेऱ्यांचा खर्च आणि भरलेल्या फक्त दोन. त्यात ६० जागा विकल्या गेल्या नाहीत, तर चारही फेऱ्यांचा खर्च १२० जणांवर बसतो, माणशी दीडपट. त्यापेक्षा दोन तारखांचे प्रवासी एकाच विमानात कोंबणं आयोजकाला परवडतं. करारात 'पुरेसे प्रवासी न झाल्यास तारीख बदलण्याचा अधिकार' असं एक वाक्य असतं, ते शोधा. किती दिवस आधीपर्यंत बदलता येईल आणि बदल मान्य नसेल तर पूर्ण पैसे परत मिळतील का, हे तिथेच लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

उशिराचंही तसंच. एकच विमान दिवसभर फेऱ्या मारतं, त्यामुळे सकाळी झालेला दोन तासांचा उशीर संध्याकाळच्या फेरीपर्यंत वाढत जातो. मधेच वैमानिकांच्या ड्युटीचे तास संपले तर ती फेरी दुसऱ्या दिवसावर जाते. नेहमीच्या कंपनीकडे निदान पुढचं विमान असतं, तुम्हाला तुकड्या करून का होईना, चढवता येतं. चार्टरला पुढचं विमानच नसतं. म्हणून चार्टर घ्यायचंच ठरलं तर दिवसाची पहिली फेरी मागा.

नियमित विमानाची ग्रुप तिकिटं साधारण दहा जणांपासून मिळतात. आधी डिपॉझिट, मग ठरावीक तारखेला नावांची यादी, मग उरलेली रक्कम आणि तिकीट. तिकीट निघेपर्यंत काही जागा कमी करायची सवलत बहुधा असते, तिचं प्रमाण आधीच विचारून घ्या. कंपनीनेच उड्डाण रद्द केलं तर 'नॉन-रिफंडेबल' भाडंही परत करावं लागतं, असा नियम बऱ्याच देशांत आहे. पण तुम्ही रद्द केलं तर भाडं बुडीत धरा, करांचा काही भाग मागून घेता येतो आणि लोक तो मागतच नाहीत. एजंटामार्फत तिकीट काढलं असेल तर परतावाही बहुधा त्याच्याच खात्यात जातो, हे लक्षात असू द्या.

चार्टरची एक बाजू मात्र मोठी आहे. ज्येष्ठ मंडळींच्या ग्रुपमध्ये निघायच्या आठवड्यात कुणी ना कुणी आजारी पडतंच. चार्टरमध्ये त्या जागी भावजय किंवा शेजारी बसवणं सहसा सोपं असतं, नियमित तिकिटावर ते नाव बदलणं महाग किंवा अशक्य. थेट विमान नसेल आणि व्हीलचेअरवाले बरेच असतील, तर मी स्वतः चार्टरकडे झुकेन.

भरपाईच्या बाबतीत लोक समजतात की चार्टरला कायदा लागूच नाही. तसं नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासातल्या उशिराच्या नुकसानीसाठी १९९९चा माँट्रियल करार दोन्हीकडे लागू होतो, आणि त्यात करार करणारा वाहक व प्रत्यक्ष नेणारा वाहक अशा दोघांवर दावा करायची सोय आहे. युरोपचा २००४चा २६१ क्रमांकाचा नियमही अनियमित उड्डाणांना धरून आहे. पण हे सगळं उड्डाणाबद्दल झालं. आयोजकच गायब झाला तर यातलं फारसं काही कामी येत नाही.

तेव्हा आयोजकाला आज एवढंच विचारा : पैसे कुठल्या खात्यात जातात, ते वेगळं राखलेलं खातं आहे की धंद्याचं चालू खातं, आणि परत न मिळाल्यास बँक हमी किंवा विमा कुणाचा. नियमित विमान म्हणून विकत असेल तर तिकीट निघाल्यावर तेरा आकडी तिकीट क्रमांक मागा. त्यातले पहिले तीन आकडे विमानकंपनीचे असतात. पीएनआर आणि आडनाव कंपनीच्या साइटवर टाकून पाहा. नुसता पीएनआर दिसतोय आणि तिकीट क्रमांक नाही, तर बहुधा जागा फक्त राखून ठेवलेली आहे, पूर्ण पैसे कंपनीकडे पोहोचलेले नाहीत. अशा वेळी शेवटचा हप्ता थांबवून ठेवा.