आईच्या स्वप्नातला हत्ती: शुभ, ओझं की आठवण?

प्रश्न: आम्ही खानापूर तालुक्यातले. आईला पहाटे स्वप्न पडलं, अंगणात हत्ती येऊन बसला आणि काही केल्या उठेना. शेजारच्या जैन काकू म्हणतात भाग्य आहे, मामा म्हणतात घरावर ओझं येणार. आई घाबरली आहे. खरं काय मानायचं?

उत्तर:

ताई, काकूंच्या म्हणण्याला जुना आधार आहे. आपल्याकडे बेळगाव-चिकोडी भागात जैनांची पंचकल्याणक पूजा होते, तिच्यात गर्भकल्याणकाच्या वेळी तीर्थंकराच्या आईची सोळा स्वप्नं दाखवतात. दिगंबर परंपरेत पहिल्या तीर्थंकरांच्या आईला, मरुदेवीला, पहिला दिसतो तो ऐरावत, आणि सकाळी राजा अर्थ सांगतो की उत्तम पुत्र होईल. बौद्धांकडेही मायादेवीच्या स्वप्नात पांढरा हत्ती येतो. पण या दोन्ही ठिकाणी स्वप्न पाहणारी होणारी आई आहे आणि स्वप्न गर्भाबद्दल आहे. तुमच्या आईंच्या वयाला ते जसंच्या तसं लावता येणार नाही.

त्याच जैन परंपरेत दुसरीही गोष्ट आहे. चंद्रगुप्त मौर्याला सोळा स्वप्नं पडली आणि भद्रबाहू आचार्यांनी त्यांचे अर्थ सांगितले, असं श्रवणबेळगोळच्या परंपरेत सांगतात. त्यात दोन काळे हत्ती एकमेकांशी झुंजताना दिसतात. अर्थ काय, तर ढग मनाजोगता पाऊस पाडणार नाहीत. प्राणी तोच, फळ मात्र उलटं. रामायणातही तसंच. त्रिजटेच्या स्वप्नात राम चार दातांच्या हत्तीवर बसलेला दिसतो आणि ती रामाचा विजय सांगते. अयोध्याकांडात भरताला मात्र राजाच्या हत्तीचा सुळा तुकडे होऊन पडलेला दिसतो, आणि पुढे दशरथाच्या मृत्यूची बातमी येते. म्हणून नुसता हत्ती दिसला यावरून काही ठरत नाही. तो कोणत्या अवस्थेत होता आणि पाहणारा त्याच्यावर होता की समोर, हे आधी विचारावं लागतं. आईंचा हत्ती शांत बसलेला होता. चालून आला नाही, सुळा मोडला नाही, झुंज नाही. वरच्या गोष्टींत अशुभाची जी चिन्हं येतात, त्यांतलं एकही इथे दिसत नाही.

मला वाटतं, मामांचं उत्तर ग्रंथातून नाही तर आपल्या जमिनीतून आलंय, आणि म्हणून ते मी हलकं धरत नाही. दांडेलीकडचे हत्ती खानापूरच्या रानातून चंदगड-आजऱ्याकडे जातात-येतात. भात पोटरीला आलं की लोकांची झोप उडते. एका रात्रीत शेत तुडवून जातात, ऊसही ठेवत नाहीत. ज्या घराने हे पाहिलंय, त्याला अंगणात बसलेला हत्ती म्हणजे न हटणारं संकटच वाटणार. पण ती भीती जागेपणीची आहे, स्वप्नाचं फळ नव्हे.

इथे मला चरकसंहिता सगळ्यात उपयोगी वाटते. इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितलेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, हवंसं वाटलेलं आणि मनाने रचलेलं, ही पहिली पाच निष्फळ म्हटली आहेत. भाविक म्हणजे पुढे घडणारं सुचवणारं. म्हणजे शुभ-अशुभ ठरवण्याआधी आठवण चाळून बाजूला काढायची. आईंनी गेल्या काही दिवसांत रानात हत्ती आल्याचं ऐकलं का? मोबाइलवर व्हिडिओ पाहिला का? २०२५ मध्ये नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण जामनगरला नेली, तेव्हा आपल्या सीमाभागातही घराघरात तीच चर्चा होती. असं काही मनात राहिलं असेल का? यातल्या एकाला जरी हो आलं, तर चरकाच्या हिशेबाने हे स्वप्न तिथेच संपलं.

पहाटेचं स्वप्न खरं ठरतं असं म्हणतात, म्हणून त्या घाबरल्या असतील. चरक म्हणतो, रात्रीच्या पहिल्या भागातलं स्वप्न थोडं फळ देतं आणि जे पाहून पुन्हा झोप लागत नाही ते मोठं फळ देतं. तेव्हा वेळेइतकंच, त्या नंतर झोपल्या की जाग्याच राहिल्या, हेही विचारा. पुन्हा झोपल्या असतील तर मोठ्या फळाची ही अट इथे लागू होत नाही.

एकच गोष्ट मी मागे टाकणार नाही. सातवा प्रकार दोषज, म्हणजे शरीरातल्या बिघाडातून आलेलं स्वप्न. आईंना हत्ती अंगणात दिसला, पण वजन छातीवर जाणवलं का? दम लागून किंवा घाम फुटून जाग आली का? तसं असेल, आणि विशेषतः पुन्हा झालं, तर ज्योतिषाआधी डॉक्टरांना दाखवा. नसेल, तर शांती किंवा होमावर खर्च करू नका. आज चहाच्या वेळी त्यांच्याशेजारी बसा आणि हत्ती दिसण्याच्या आदल्या संध्याकाळी घरात काय बोलणं चाललं होतं, तेवढं आठवायला सांगा.