चिठ्ठीवर ‘बीपी नॉर्मल’ असेल तर तो रकाना रिकामा सोडा

प्रश्न: बायकोला ३१ वा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळंतपण. बीपी थोडं वाढतंय म्हणतात. तीन ठिकाणच्या चिठ्ठ्या आहेत, त्यांवर बीपी, लघवी, सूज असं काहीबाही लिहिलंय. त्यावरून तक्ता करायचा आहे. एक्सेलमध्ये करू की वहीत? आणि बीपी किती दिवसांनी मोजायचं?

वहीत करा. फोन तुमच्या खिशात राहील, वही तिच्या पिशवीत राहील, आणि रात्री दवाखान्यात पोचल्यावर ड्युटीवरचा डॉक्टर समोरचा कागद बघतो. पहिलटकरीण आहे म्हणजे बहुतेक माहेरी जाईल, तेव्हा वही तिच्याबरोबरच जाऊ द्या.

मी यवतमाळ जिल्ह्यात उपकेंद्रावर एएनएम होते, आता निवृत्त आहे. तुमचा प्रश्न वाचला आणि एक पोरगी डोळ्यांपुढे आली. कापूस वेचायचे दिवस होते. ओटीभरण करून ती माहेरी आली होती, सासर दुसऱ्या तालुक्यातलं. आईने माझ्यासमोर प्लास्टिकची पिशवी उपडी केली. त्यात माता-बाल कार्ड, तालुक्याच्या खासगी दवाखान्याच्या चिठ्ठ्या, सोनोग्राफीची फाईल आणि शाळेच्या वहीचं एक फाडलेलं पान. आई म्हणाली, “सगळं नार्मल हाये म्हणते डॉक्टर, फक्त हिचं डोकं दुखून राह्यलं.”

मी चिठ्ठ्या टेबलावर तारखेने लावल्या. पण तारीख हा पहिला रकाना नव्हेच. पहिला रकाना आठवड्यांचा. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजा, किंवा सुरुवातीच्या सोनोग्राफीवरून डॉक्टरांनी तारीख बदलली असेल तर तीच धरा. हे एवढ्यासाठी की गरोदरपणात बीपी सरळ चालत नाही. मधल्या महिन्यांत ते थोडं खाली येतं, पाचव्या-सहाव्या महिन्याच्या आसपास सगळ्यात कमी असतं आणि शेवटाकडे पुन्हा चढतं. १२२/७८ हा आकडा नुसता वाचला तर त्यातून काहीच कळत नाही. कितव्या आठवड्यात, आणि त्याआधी किती होतं, हे शेजारी असेल तरच त्याला अर्थ येतो. तिचा कागद असा झाला. लघवीपुढचा शब्द प्रोटीनचा आहे: निल म्हणजे नाही, ट्रेस म्हणजे अगदी जरासं, आणि प्लस वाढतील तसं प्रोटीन जास्त.

११ आठवडे: १०४/६४, लघवी निल
२० आठवडे: १००/६०, लघवी तपासली नाही
२४ आठवडे: ‘बीपी नॉर्मल’, आकडा नाही
२८ आठवडे: १२२/७८, निल, पायावर सूज
३१ आठवडे: १३०/८४, ट्रेस
३३ आठवडे: १३६/८८, एक प्लस

यातली कुठलीही चिठ्ठी एकटी पाहिली तर धोक्याची वाटत नाही. एकाही दिवशी बीपी १४०/९० या निदानाच्या रेषेला पोचलेलं नाही. तरी पाचव्या महिन्यापासून आकडा एकदाही खाली आला नाही, आणि लघवीतलं प्रोटीन त्याच्या मागोमाग चढत गेलं. अशा वेळी प्रीएक्लॅम्पसियाची शंका घ्यायची, म्हणजे गरोदरपणातला तो आजार ज्यात बीपी वाढतं आणि पुढे झटकेही येऊ शकतात. तीन ठिकाणच्या तीन माणसांनी आपापली चिठ्ठी पाहिली. सगळ्या चिठ्ठ्या एकत्र कुणी पाहिल्याच नव्हत्या.

२४ व्या आठवड्याच्या चिठ्ठीवर माझा अजून राग आहे. आकडा न लिहिता ‘नॉर्मल’ लिहिणं म्हणजे पुढच्याचे डोळे बांधणं. तुमच्या चिठ्ठ्यांवर असं असेल तर तो रकाना रिकामा सोडा. तिथे अंदाजाने १२०/८० भरू नका, आणि लघवी तपासलीच नसेल तिथे ‘निल’ लिहू नका. रिकामा रकाना बघून डॉक्टर विचारतो. भरलेला बघून विचारत नाही.

मी तिला भिंतीला टेकवून बसवलं, पाय जमिनीला टेकवले, एकावर एक घेऊ दिले नाहीत, पाच मिनिटं बोलू दिलं नाही. तोंडात तंबाखूचा खर्रा किंवा नस असेल तर अर्धा तास थांबायचं, तिच्या नव्हता. पट्टा हृदयाच्या पातळीला धरून मोजलं तर १३८/८८. लघवीत स्ट्रिप बुडवली, एक प्लस. विचारलं तेव्हा कळलं की डोकं दोन दिवसांपासून दुखतंय, पॅरासिटामॉलनेही उतरत नाही, आणि छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात दुखतंय. आई म्हणाली, “पित्त चढलं वाटते.”

मी वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन लावला.

“बाई, १४० च्या वर गेलं का?”

“नाही सर. पण अकराव्या आठवड्यात १०४/६४ होतं.”

“वरचं तीसने, खालचं पंधराने वाढलं म्हणजे बीपी, हा नियम कधीच गेला. सोमवारी ओपीडीला पाठवा.”

पुस्तकाप्रमाणे ते बरोबर बोलत होते. तीस-पंधराची वाढ एकेकाळी निदानात धरत, पुढे ती काढून टाकली, कारण तेवढी वाढ झालेल्या पुष्कळ बायका ठणठणीत बाळंत होतात. पण निदानातून काढली म्हणजे लक्षातूनही काढा, असं कुणी सांगितलं नव्हतं. उलट अशा वाढीबरोबर लघवीत प्रोटीनही दिसलं तर तिच्यावर नजर ठेवायची, हेच त्या पुस्तकात पुढे लिहिलेलं असतं. आणि तसं डोकं आणि तसं पोट दुखत असताना आकड्याची वाट पाहायची नसते. मी सोमवारची वाट पाहिली नाही. दुपारी पुन्हा मोजलं, मधे चार तास गेले होते: १४४/९२, स्ट्रिप दोन प्लस. गाडी बोलावली आणि तो कागद तिच्या आईच्या हातात दिला. जिल्ह्याच्या ठिकाणी पोचेपर्यंत १६४/११२ झालं होतं, आणि प्लेटलेट एक लाखाच्या खाली. झटके येऊ नयेत म्हणून मॅगसल्फ दिलं, बीपी उतरवलं, दुसऱ्या दिवशी बाळंतपण केलं. बाळ कमी वजनाचं, काही दिवस काचेच्या पेटीत होतं. दोघं नीट आहेत.

आता तुमच्या तक्त्याचे बाकीचे रकाने.

लघवीच्या नोंदीत सगळ्यात जास्त घोळ असतो. चिठ्ठीवर ‘निल/ट्रेस’ असं जोडीने लिहितात, त्यात एक अल्ब्युमिनचं, म्हणजे प्रोटीनचं, आणि एक साखरेचं असतं. पहिलं कोणतं ते दवाखान्यात विचारून घ्या, तर्काने भरू नका. नुसता ‘प्लस’ दिसला तर तो सुजेचा की अल्ब्युमिनचा, हेही विचारा. घरी स्ट्रिप वापरणार असाल तर मधल्या धारेची लघवी घ्या आणि डबीवर लिहिलेल्या सेकंदांनीच रंग जुळवा. उशिरा पाहिलं तर रंग गडद दिसतो. पांढरं जात असेल किंवा उन्हाळ्यात पाणी कमी प्यायल्याने लघवी घट्ट झाली असेल, तर ट्रेस किंवा एक प्लस खोटाही येतो. दोन प्लस आला तर तो खोटा समजू नका. स्ट्रिपच्या डबीचं झाकण उघडं राहिलं, दमट हवा लागली, की पुढचे निकाल बेभरवशाचे होतात.

लक्षणांच्या रकान्यात ‘त्रास नाही’ लिहू नका. डोकं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक, छातीखालची कळ, उलटी, धाप, चेहऱ्याला आणि हातांना सूज, लघवी कमी होणं, हे दर वेळी एकेक विचारा आणि हो किंवा नाही लिहा. आपल्याकडे बायका स्वतःहून सांगत नाहीत. सांगितलं तरी सासू पित्ताची गोळी देते. पायावरच्या एकट्या सुजेचा फार धसका घेऊ नका, ती पुष्कळ जणींना येते. अंगठी अडकणं, सकाळी चेहरा फुगणं हे वेगळं.

चिठ्ठीवरच्या ‘हालचाल प्लस’ने त्या दिवशी बाळ हललं एवढंच कळतं. तुम्हाला हवी ती तिच्या बाळाची रोजची सवय. २८ व्या आठवड्यानंतर रोज साधारण ठरलेल्या वेळी, जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर पडून तिला मोजू द्या, आणि दहा हालचालींना किती वेळ लागला तो लिहा. दोन तासांत दहा झाल्या नाहीत, किंवा रोज अर्ध्या तासात होणाऱ्या दहांना आज खूपच वेळ लागला, तर त्याच दिवशी दवाखाना. ‘नववा महिना, बाळाला जागा कमी पडते म्हणून हलत नाही’ हे मी सुशिक्षित माणसांच्या तोंडूनही ऐकलंय. ते खोटं आहे. हालचालीची तऱ्हा बदलते, पण बाळ कमी हलत नाही. आणि बीपी असलेल्या बाईत वारेतून बाळाला जाणारा रक्तपुरवठा आधीच कमी पडत असू शकतो, त्यामुळे तिच्यात हा रकाना जास्त मोलाचा.

मोजायचं किती वेळा, हे तिचे डॉक्टर ठरवतील. बीपी वाढतंय असं म्हटलंय तर महिन्याची तपासणी पुरणार नाही. आठवड्यातून एकदा तरी दवाखान्यात बीपी आणि लघवी व्हायला हवी. घरी यंत्र असेल तर सकाळ-संध्याकाळ, दर वेळी मिनिटभराच्या अंतराने दोनदा, आणि दोन्ही आकडे लिहा. घरचं यंत्र या आजारात कधी कधी कमी दाखवतं, म्हणून एकदा ते दवाखान्यात नेऊन डॉक्टरांच्या यंत्राशी ताडून बघा. दंड जाड असेल तर पट्टा मोठा लागतो, लहान पट्ट्यावर आकडा फुगतो. १३८ चे १४० करू नका आणि १४२ चे १४० करू नका. चार तासांच्या अंतराने दोनदा १४०/९० किंवा वर आलं तर त्याच दिवशी दाखवा. १६०/११० आलं तर पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि तेवढ्यात १०८ किंवा १०२ ला फोन लावा. वर सांगितलेली डोकेदुखी, डोळ्यांची चमक किंवा छातीखालची कळ असेल तर आकडा कितीही असो, निघा.

हेही सांगते की तक्त्याने बीपी उतरत नाही. गोळी सुरू केली असेल तर तिचं नाव आणि वेळ त्याच ओळीत लिहा, आणि आकडा चांगला आला म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि माझी ती पोरगी एक होती. असा चढता कागद घेऊन आलेल्या बऱ्याच जणींना पुढे काहीच झालं नाही. त्यांना लवकर पाठवल्याचं मला वाईट वाटलेलं नाही, आणि या मुद्द्यावर त्या साहेबांशी मी आजही भांडेन.

बाळंतपण झालं की वही बंद करू नका. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात बीपी पुन्हा चढतं आणि झटके तेव्हाही येतात. नेमकी तोवर बाई घरी आलेली असते, शेक-शेगडी आणि पाहुणे सुरू असतात. ते सगळे दिवस रोज मोजा, पुढे डॉक्टर सांगतील तसं, आणि सहा आठवड्यांच्या तपासणीला तीच वही न्या. तेव्हाही बीपी चढलेलं असेल तर तो आजार गरोदरपणापुरता नसूही शकतो, पुढची तपासणी आणि उपचार डॉक्टर ठरवतील.