कोणती गोळी, कोणत्या दिवशी?

"मॅडम, दिवस गेलेत हे माहीत नव्हतं. ताप आला म्हणून पाच दिवस गोळ्या घेतल्या, छातीचा एक्स-रे पण काढला. सासूबाई म्हणतात, हे मूल ठेवू नको, व्यंग निघेल. काय करू?"

सोलापुरात माझ्याकडे येणाऱ्या सुना हा प्रश्न फार वेळा विचारतात. जिची गोष्ट सांगते आहे, ती अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात शिलाईला जायची. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. सोबत सासूबाई होत्या आणि गर्भपाताचं त्यांनी जवळजवळ ठरवूनच आणलं होतं. मी त्यांना म्हटलं, "मावशी, आधी तारखा मांडू, मग बोलू."

शेवटची पाळी कधी आली, हे तिला पक्कं आठवत होतं. भोगीचा दिवस, १३ जानेवारी. पाळीमुळे तिला गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या, अक्षता सोहळ्याला जाता आलं नव्हतं. पाळी अठ्ठावीस दिवसांनी, अगदी नियमित. म्हणजे गर्भ राहिला तो साधारण २७ जानेवारीला. डॉक्टर गरोदरपणाचे आठवडे पाळीच्या तारखेपासून मोजतात, पण बाळाचं वय त्याहून दोन आठवड्यांनी कमी असतं. "पाचवा आठवडा चालू आहे" असं फाइलवर लिहिलेलं असतं तेव्हा गर्भाला जेमतेम तिसरा आठवडा लागलेला असतो. अर्धी भीती या दोन मोजण्यांच्या घोटाळ्यातून येते. पुढे मी जे दिवस सांगणार आहे, ते सगळे गर्भ राहिल्यापासूनचे आहेत.

तापाच्या गोळ्या, म्हणजे पॅरासिटामॉल आणि डॉक्सिसायक्लिन, तिने ३० जानेवारी ते ३ फेब्रुवारी या काळात घेतल्या. म्हणजे तिसरा ते सातवा दिवस. त्या वेळी गर्भ हा पेशींचा छोटासा पुंजका असतो आणि गर्भाशयाच्या अस्तरात नुकता रुजू लागलेला असतो. कोणत्या पेशीने हृदय व्हायचं आणि कोणत्या पेशीने हात, याची वाटणी अजून झालेली नसते. काही पेशी मेल्या तर उरलेल्या त्यांची जागा भरून काढतात. फारच पेशी मेल्या तर गर्भ टिकत नाही आणि पाळी येऊन जाते, बाईला कळतही नाही. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांतल्या धक्क्यातून तगलेल्या गर्भात त्या धक्क्यामुळे अवयवाचं व्यंग सहसा राहत नाही. याला एक अपवाद आहे. जे औषध शरीरात आठवडेच्या आठवडे रेंगाळतं, ते घेतलेल्या तारखेच्या पुढेही काम करत राहतं. डॉक्सिसायक्लिन तसं नाही. त्याने दुधाच्या दातांवर पिवळट डाग पडू शकतात, पण ते गरोदरपणाच्या चौथ्या-पाचव्या महिन्यापासून पुढे घेतलं तर. छातीच्या एक्स-रेतून गर्भापर्यंत पोचणारं रेडिएशन ०.०१ मिलिग्रेपेक्षाही कमी असतं. काळजी सुरू होते ती ५० मिलिग्रेच्या वर.

सासूबाईंचा चेहरा जरा सैल झाला. मग मी नेहमीचा प्रश्न विचारला, "याशिवाय रोजची एखादी गोळी?" ती म्हणाली, "काही नाही." नवरा इतका वेळ दाराशी उभा होता. तो म्हणाला, "अगं, ती डोकेदुखीची?" अर्धशिशीसाठी तिला वर्षभर रात्री एक गोळी चालू होती. पर्समधून पाकीट निघालं. डायव्हॅलप्रोएक्स, ५०० मिलिग्रॅम. व्हॅलप्रोएटच हे. फिटसाठी देतात, अर्धशिशी रोखायलाही देतात.

त्या दिवशी १५ फेब्रुवारी होती. एकोणिसावा दिवस. बाळाच्या पाठीवरची पेशींची एक सपाट पट्टी या सुमारास दोन्ही कडांनी वर उचलली जाते. बाविसाव्या दिवसाच्या आसपास कडा मध्ये जुळू लागतात आणि तिथून दोन्हीकडे, डोक्याकडे आणि कमरेकडे, नळी मिटत जाते. डोक्याकडचं टोक पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास बंद होतं, कमरेकडचं अठ्ठाविसाव्यापर्यंत. या नळीतूनच मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतात. वरचं टोक उघडं राहिलं तर कवटी बनत नाही, खालचं राहिलं तर पाठीचा कणा दुभंगलेला राहतो. व्हॅलप्रोएट नेमकं या मिटण्याच्या आड येतं. ते चालू असताना शंभरात एक-दोन बाळांत हा दोष दिसतो. सगळी मोठी व्यंगं मिळून शंभरात सुमारे दहा, एरवी हे प्रमाण दोन-तीन असतं. डोस जितका जास्त तितका धोका जास्त.

म्हणजे तिला ज्या गोळ्यांची धास्ती होती त्यांची वेळ टळून गेली होती, आणि जी गोळी तिच्या लेखी औषधच नव्हती तिचा आठवडा तीन दिवसांवर आला होता. मी तिच्या न्यूरॉलॉजिस्टना तिथूनच फोन लावला. दुखणं अर्धशिशीचं असल्याने त्यांनी गोळी त्याच रात्रीपासून थांबवली आणि फोलिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅम सुरू केलं. व्हॅलप्रोएट शरीरातून बहुतेक निघून जायला साधारण तीन दिवस लागतात. हाच निर्णय फिट येणाऱ्या बाईसाठी असा घेता येत नाही. तिने गोळी आपल्या मनाने बंद केली आणि मोठी फिट आली तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतं. तिचं औषध बदलायचं ते गर्भ राहण्याच्या आधी, डॉक्टरांच्या हाताखाली.

मी तिला "आता काही धोका नाही" असं म्हटलं नाही. पंधराव्या ते एकोणिसाव्या दिवसात शरीराचे मूळ थर घडतात आणि तेव्हा गोळी पोटात होती. फोलिक अ‍ॅसिड व्हॅलप्रोएटचा दोष पूर्ण धुऊन काढतं असंही नाही. शिवाय बीज दोन-चार दिवस मागेपुढे सुटलं असेल तर आमची सगळी मोजणी तितकी सरकते. म्हणून सातव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत गर्भाची लांबी पाहून तारीख ताडून घेतली, ती जुळली. बाराव्या आठवड्यात कवटी नीट दिसली, एकोणिसाव्यात कणा आणि हृदयाचे चारही कप्पे. हे आठवडे पाळीपासूनचे, कारण सोनोग्राफीचे कागद तसेच बोलतात.

सासूबाईंनी मधल्या एका भेटीत विचारलं होतं, "एका गोळीने हात जातो, एकीने पाठ, हे कसं?" त्यांना मी थॅलिडोमाइडचं सांगितलं. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत ते बाजारात आलं, गरोदर बायकांनी मळमळीसाठी घेतलं, १९६१ मध्ये मागे घेतलं गेलं. तेव्हाच्या तारखा जुळवल्यावर दिसलं की साधारण विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसातच ते घात करत होतं. या काळाच्या सुरुवातीला घेतलं तर कान गेले, काही दिवसांनी घेतलं तर हात, त्याच्याही पुढे पाय. औषध तेच होतं. त्या दिवशी जो अवयव घडत होता, त्यावर घाव पडला.

सातव्या महिन्यात तिचं डोकं पुन्हा दुखू लागलं. तिने फोन केला, "आता अवयव झालेत ना सगळे? मग घरातली आयबुप्रोफेन घेऊ?" मी नको म्हटलं. विसाव्या आठवड्यानंतर त्या गोळीने बाळाच्या मूत्रपिंडाचं काम मंदावून गर्भजल कमी होऊ शकतं. तिसाव्यानंतर बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी, जी जन्मापर्यंत उघडी राहायला हवी, ती आधीच आकसू शकते. अवयव घडून झाले तरी त्यांचं काम पोटातच सुरू झालेलं असतं, आणि मेंदू तर शेवटच्या दिवसापर्यंत वाढत असतो. पॅरासिटामॉल घे म्हटलं, आणि गरोदरपणात नव्याने वाढलेली डोकेदुखी म्हणून त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्यायला पाठवलं.