फिलर स्लॅबची बचत गृहकर्जातून वजा करावी का?

प्रश्न: धायरीत ८०० चौरस फुटांचं घर बांधतोय. आर्किटेक्ट म्हणतात, फिलर स्लॅब घातला तर लाखभर वाचतील आणि घर थंड राहील. ठेकेदार म्हणतो, त्यापेक्षा गच्चीवर मडकी पालथी घाला. लाखभर कर्ज कमी घेऊ का?

उत्तर: कर्ज कमी घेऊ नका. स्लॅब मात्र जरूर घाला, पण बचत नेमकी कुठून येते ते आधी पाहा.

स्लॅबच्या खालच्या भागात ताण सळई घेते. तिथलं काँक्रीट बहुतेक सळईला धरून ठेवण्यापुरतं असतं, म्हणून सळयांच्या चौकटीत मंगलोरी कौलांची जोडी ठेवून ते कमी करता येतं. हाच फिलर स्लॅब. तुमच्या ५ इंची स्लॅबला साधारण ९.३ घनमीटर काँक्रीट लागेल. कौलांच्या ३२० जोड्या बसल्या आणि एक जोडी सहा लिटर जागा घेते असं धरलं, तर १.९ घनमीटर वाचेल. घनमीटरला ५,५०० रुपये धरले तर साडेदहा हजार. पण फुटतूट धरून ६७० जुनी कौलं १५ रुपयांनी घेतली की दहा हजार तिथेच गेले. म्हणजे काँक्रीटमध्ये जवळपास काहीच वाचलं नाही.

खरी बचत गिलाव्यात आहे. खालून कौलं उघडी ठेवली तर छताचा गिलावा लागत नाही, ४० रुपये फुटाने ते ३२,००० होतात. वजन तीनेक टनांनी उतरतं (२३ पैकी), त्यामुळे ५० किलो सळई, म्हणजे ३,००० रुपये वाचू शकतात. तेही स्ट्रक्चरल इंजिनिअरने हिशेब नव्याने केला तरच. उलट बाजूला कौलं मांडायची मजुरी ४,०००. छत उघडंच राहणार, म्हणून सेंट्रिंगला चांगला प्लाय हवा आणि सांधे साफ करून घ्यावे लागतात, त्याचे ८,०००. हाती उरतात २३,००० च्या आसपास. दर मी धरलेले आहेत, तुमच्या कोटेशनमधले घालून पाहा.

यातही एक मेख आहे. चौरस फुटाच्या ठोक दराने करार झाला असेल, तर ही बचत ठेकेदाराची. गिलावा वगळल्याची वजावट करारात वेगळी लिहून घ्या. आणि नंतर कुणाला छत गुळगुळीत हवं झालं, गिलावा किंवा पीओपी चढला, की सगळी बचत संपली.

२३,००० कर्ज कमी घेतलं तर ८.५ टक्के दराने २० वर्षांत हप्त्याला दोनशे रुपये फरक पडतो. लाखभर कमी घेऊन बांधकामात ७५,००० कमी पडले, तर तो खड्डा महागड्या वैयक्तिक कर्जाने भरावा लागेल. बांधकामाचं कर्ज टप्प्याटप्प्याने मिळतं आणि व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं. मंजुरी पूर्ण घ्या, उरलेलं शेवटच्या टप्प्यात उचलू नका.

थंडाव्याबद्दल अपेक्षा बेताची ठेवा. दोन कौलांमधली हवा उष्णता अडवते खरी, पण कौलांनी निम्म्याहून कमी क्षेत्र व्यापलेलं असतं. बाकीच्या पट्ट्या भरीव काँक्रीटच्या, तिथून उन्हाळा सरळ खाली उतरतो. गच्चीला पांढरा परावर्तक लेप किंवा पांढऱ्या टाइल्सचे तुकडे लावलेत, तर ऊन मुळात कमी शोषलं जाईल. दोन्ही एकत्र केलेलं उत्तम.

ठेकेदाराची मडकी ही वेगळी गोष्ट. स्लॅबच्या आत मडकं घातलं तर काँक्रीट वाचतं. स्लॅबवर पालथं घालून वर मसाला टाकला तर उष्णता अडते, पण काँक्रीट काहीच वाचत नाही. तिथे वजन वाढू नये तर कोब्याची तेवढी जाडी कमी व्हायला हवी, आणि तो भार इंजिनिअरला आधी सांगायला हवा. पैसे वाचवण्यासाठी हा मार्ग नाही.

स्लॅबच्या दिवशी स्वतः थांबा. कौलं आधी पाण्यात भिजवलेली हवीत, कोरडी राहिली तर काँक्रीटमधलं पाणी शोषतात आणि भोवती पोकळ्या राहतात. वर किमान दोन इंच काँक्रीट हवं. व्हायब्रेटर चालवताना कौलं सरकतात, तेव्हा एक माणूस फक्त त्यांच्यावर लक्ष ठेवायला ठेवा. बीम आणि भिंतींलगतची पट्टी भरीव ठेवतात, तिची रुंदी आराखड्यात पाहा. बाहेर काढलेल्या छज्जात कौलं नकोतच, तिथे दाब खालच्याच भागावर येतो. पंख्याचे हूक आणि विजेचे पाइप पट्ट्यांमधून आधीच न्या, कारण नंतर कौलात घातलेला बोल्ट पंख्याचा भार पेलणार नाही. सेंट्रिंग काढल्यावर कौलांच्या कडेला सळई उघडी दिसली, तर गिलाव्याने झाकू देऊ नका, इंजिनिअरला दाखवा. तोवर ठेकेदाराचा शेवटचा हप्ता तुमच्याकडेच असू द्या.