आधी डीड काढ

पोरी, अनेक आशीर्वाद.

बाबांना मृत्युपत्रात ‘हिंदमाताच्या दुकानातला माझा अर्धा हिस्सा मुलीला’ असं लिहायचंय, आणि त्यांचे भागीदार काका म्हणतात, असं देता येत नाही. खरं कोणाचं, हे तू मला विचारतेस. पण भागीदारीचं डीड काय म्हणतं? ते बँकेच्या फाइलीत असेल म्हणे. आधी ते काढ.

गाळा फर्मचा आहे, ताळेबंदात दिसतो. त्यातला अमुक भाग बाबांचा, असं म्हणता येत नाही. त्यांचा आहे तो नफ्यातला वाटा, आणि फर्म मिटली की देणी भागवून उरेल त्यातला वाटा. मृत्युपत्राने तुला तेवढंच मिळेल. गल्ल्यावर बसायचा हक्क मिळणार नाही. डीडमध्ये वेगळं ठरलेलं नसेल, तर नवा भागीदार घ्यायला सगळ्यांची संमती लागते. शिवाय हे भागीदार दोघंच. एक गेला की फर्म तिथेच संपते. ‘मृत्यूनंतरही फर्म चालू राहील’ असं डीडमध्ये असलं, तरी एकट्याची भागीदारी होत नाही.

आता पैशांचं बघ. समज, ताळेबंदात गाळा जुन्या खरेदीच्या किमतीला, 4 लाख. माल 16, येणी 10, देणी 6. उरले 24, बाबांचे 12 लाख. गाळ्याचा आजचा भाव दीड कोटी धरला (पावसात पाणी भरतं, तरी भाव उतरत नाही!), तर तोच वाटा 85 लाख होतो. ‘मयत भागीदाराचा हिशेब शेवटच्या ताळेबंदाप्रमाणे’ अशी ओळ डीडमध्ये असेल, तर काका 12 लाखच पुढे करतील आणि मृत्युपत्र कितीही सुबक असलं तरी तुला झगडावं लागेल. म्हणून म्हणतो, डीड काढ.

‘काका घरचेच आहेत’ हे मला ऐकवू नकोस. काकांच्या मागे त्यांची मुलं आहेत.

डीड वाचल्याशिवाय मी कुणाच्या मृत्युपत्राची ओळ लिहिली नाही. खडूस म्हणून लोक दुसऱ्या वकिलाकडे गेले. जाऊ देत, प्रायव्हेट कंपनीवाल्यांनाही मी आधी आर्टिकल्स, म्हणजे कंपनीची नियमावली, आणायला लावायचो. शेअर मृत्युपत्राने देता येतात, पण ते दुसऱ्याच्या नावावर चढवण्याच्या अटी तिथे असतात.

दोघं हयात आहेत तोवर पुरवणी डीड करून घ्या. तुला आत्ताच तिसरी भागीदार घ्या, वाटा कमी असला तरी चालेल, आणि गाळ्याची किंमत बाजारभावाने धरायची हे स्पष्ट लिहा. बदलाची नोंद रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडेही करा. मृत्युपत्र त्यानंतर. काकांची सही लागेल. ती मागायला बाबांनाच पाठव, तू जाऊ नकोस.