निबंधात कादंबरी किती आणि आपण किती?

जलव्यवस्थापनाच्या प्रवेशासाठी आवडत्या पुस्तकावर लिहिलेल्या तुझ्या निबंधाच्या मसुद्यात व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ या कादंबरीचे कथानकच निम्म्याहून अधिक जागा घेते, आणि पहिल्यांदा लिहिणाऱ्या बहुतेकांची चूक हीच असते. कथानक दोन वाक्यांत आटोप आणि एकच प्रसंग धर: दुष्काळ पडतो, माणसे वाडी सोडतात, मास्तरांची शाळा ओस पडते. मग ठाण्यात सकाळी नाक्यावर कामाची वाट पाहत उभे असणारे मजूर तुला पूर्वी कसे दिसत आणि आता त्यांच्यामागचे गाव कसे दिसते, हे सावकाश लिही. जलव्यवस्थापन शिकण्याची तुझी इच्छा तिथूनच उगवू दे. ‘या पुस्तकाने माझे आयुष्य बदलले’ हे वाक्य मात्र काढ, कारण पुस्तकाचे नाव बदलले तरी ते तसेच टिकते. त्याजागी वाचल्यानंतर तू प्रत्यक्ष काय केलेस ते लिही, मग ते एका मजुराला त्याचे गाव विचारणे एवढेच का असेना.